टिपणांत नसलेले उत्तर

शिक्षकाने आपल्या विषयाची टिपणे संगणकावर चढवावीत आणि विद्यार्थ्याने रात्री अकरा वाजता घरबसल्या त्या टिपणांतून आपल्या शंकेचे उत्तर मिळवावे, ही सोय आता महाविद्यालयांतच नव्हे, तर शाळांतून आणि स्पर्धापरीक्षांच्या अभ्यासवर्गांतूनही रुळू लागली आहे. टिपणांत जे आहे ते अशी यंत्रे बहुधा नीट काढून देतात. त्याविषयी तक्रार नाही. अडचण उभी राहते ती टिपणांत जे नाही ते विचारले गेल्यावर. अशा वेळी यंत्राने रचलेले उत्तर शिक्षकाच्या टिपणांचा शिक्का घेऊन बाहेर पडते. विद्यार्थी ते वहीत उतरवून घेतो, परीक्षेत लिहितो, आणि गुण गेले म्हणजे ‘सरांच्या नोट्समध्ये असेच आहे’ असे सांगतो. सरांनी मात्र तसे कधीच लिहिलेले नसते.

हे कसे घडते ते पाहण्यासाठी एक उदाहरण घेऊ. समजा, नववीच्या भूगोलाची चाळीस पानांची टिपणे आहेत. त्यांच्या बाराव्या पानावर कोयना धरणाची माहिती आहे : सातारा जिल्हा, उंची 103 मीटर, 1962 च्या सुमारास जलाशयात पाणी साठू लागले, जलविद्युतनिर्मिती. सत्ताविसाव्या पानावर महाराष्ट्रातील भूकंपांची नोंद आहे : 11 डिसेंबर 1967 रोजी पहाटे कोयनानगर परिसरात भूकंप झाला, 30 सप्टेंबर 1993 रोजी किल्लारीचा झाला. याहून अधिक काही नाही. आता एक चौकस मुलगी विचारते, ‘कोयनेचा भूकंप धरणामुळे झाला का?’ प्रश्न उत्तम आहे. परंतु त्याचे उत्तर चाळीस पानांत कोठेही नाही.

यंत्राच्या आत काय चालते ते थोडक्यात सांगितले पाहिजे. टिपणांचे आधी लहान लहान उतारे पाडले जातात आणि प्रत्येक उताऱ्याचा आशय आकड्यांच्या एका लांब ओळीत बांधला जातो. प्रश्न आला की त्याचीही तशीच ओळ तयार होते आणि तिच्याशी सर्वांत जवळ जुळणारे चारपाच उतारे वेगळे काढले जातात. ते उतारे आणि प्रश्न मिळून भाषा लिहिणाऱ्या यंत्रापुढे जातात आणि ते उत्तराची वाक्ये जुळवते. येथे ध्यानात घ्यावयाची गोष्ट ही की, ‘सर्वांत जवळचा’ उतारा नेहमीच कोणता ना कोणता तरी असतो. वर्गात सर्वांत उंच मुलगा असतोच. म्हणून तो सहा फूट असतो असे नाही. जवळचा उतारा सापडणे आणि उत्तर सापडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि सारा घोटाळा त्या एक मानल्याने होतो.

यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे जवळिकीची किमान मर्यादा ठरवून देणे : तिच्यापर्यंत एकही उतारा पोहोचला नाही, तर ‘टिपणांत नाही’ असे सांगून थांबावे. भूगोलाच्या टिपणांत कोणी क्रिकेटविषयी विचारले तर हा उपाय पुरतो. कोयनेच्या प्रश्नाला तो पुरत नाही. कारण बारावे आणि सत्ताविसावे ही दोन्ही पाने त्या प्रश्नाच्या अगदी जवळची आहेत. कोयना तेथे आहे, धरण आहे, भूकंप आहे, साल आहे. नाही ते फक्त ‘मुळे’ हे शब्दयोगी अव्यय. यंत्र दोन खरी विधाने शेजारी ठेवते आणि मध्ये स्वतःचे ‘मुळे’ घालून त्यांना जोडते. त्यातून ‘धरणातील पाण्याच्या प्रचंड वजनामुळे 1967 चा भूकंप झाला’ असे एक सफाईदार वाक्य तयार होते. शेवटी कंसात पृष्ठ 12 आणि 27 असे आकडेही येतात. पाने खरी, आकडे खरे आणि विधान मात्र टिपणाबाहेरचे. सरसकट थापेपेक्षा हा प्रकार अधिक फसवा आहे, असे माझे मत आहे. कारण थाप पकडली जाते, हे पकडले जात नाही.

ही अडचण नवी नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी 2016 साली उताऱ्यावरील एक लाखाहून अधिक प्रश्नांचा संच तयार केला होता. त्यात प्रत्येक प्रश्नाचे उत्तर उताऱ्यात असे, आणि यंत्रे त्यात पाहता पाहता चांगले गुण मिळवू लागली. 2018 साली त्याच संचात त्यांनी पन्नास हजारांहून अधिक असे प्रश्न घातले की, जे उताऱ्यातल्याच विषयावरचे दिसावेत. पण उत्तर मात्र तेथे नसावे. जुन्या संचावर शंभरांत 86 गुण मिळविणारी पद्धत नव्या संचावर 66 वर आली. त्यानंतर यंत्रे पुष्कळ सुधारली हे खरे. परंतु जवळचा आणि तरीही अपुरा उतारा हीच अजून त्यांची खरी कसोटी आहे.

‘केवळ टिपणांतूनच उत्तर द्यावे, नसल्यास तसे सांगावे’ अशी ताकीद यंत्राला देऊन ठेवतात. ती असावीच, पण तिच्यावर विसंबून चालत नाही. भाषा लिहिणाऱ्या यंत्राने कोयनेविषयी अन्यत्रही पुष्कळ ‘वाचलेले’ असते, आणि त्यातले काय या टिपणातून आले व काय बाहेरून झिरपले याचा हिशेब ते आपण होऊन चोख ठेवीत नाही. म्हणून उत्तर तयार झाल्यावर, ते विद्यार्थिनीपर्यंत जाण्यापूर्वी, आणखी एक पायरी लागते. उत्तराचे एकेक वाक्य घ्यावयाचे, त्याने सांगितलेले पान उघडावयाचे आणि एवढेच पाहावयाचे की, हे पान वाचणाऱ्या आणि दुसरे काही न वाचलेल्या माणसाला हे वाक्य म्हणता येईल काय? धरणाची उंची म्हणता येईल, भूकंपाची तारीख म्हणता येईल. ‘मुळे’ म्हणता येणार नाही. ते वाक्य गाळावयाचे. ही तपासणी दुसऱ्या स्वतंत्र यंत्राकडून करवून घेता येते; आणि हाताशी पाने असतील तर विद्यार्थ्यालाही ती दोन मिनिटांत करता येते.

गाळल्यावर उरते काय? येथे बहुतेक व्यवस्था दुसऱ्या टोकाला जातात आणि ‘माहिती उपलब्ध नाही’ असे सरकारी खिडकीवरचे उत्तर देऊन मोकळ्या होतात. त्या मुलीला त्याचा काय उपयोग? तिला द्यावयाच्या उत्तरात तीन गोष्टी असाव्यात. एक, टिपणांत धरणाविषयी बाराव्या पानावर आणि भूकंपाविषयी सत्ताविसाव्या पानावर अमुक आहे. दोन, या दोहोंचा संबंध काय, होता की नव्हता, याविषयी टिपणे काहीच सांगत नाहीत. तीन, हा प्रश्न शिक्षकांच्या यादीत नोंदविला आहे. दुसऱ्या गोष्टीतील शब्द फार जपून वापरावे लागतात. ‘टिपणांत तसे म्हटलेले नाही’ याचा अर्थ ‘तसे झाले नाही’ असा मुलांनी करून घेणे अगदी सोपे असते.

आणि कोयनेच्या बाबतीत तो अर्थ चुकीचाच ठरला असता. जलाशय भरू लागल्यानंतर त्या भागात लहान लहान धक्के जाणवू लागले आणि ते पुढे दशकानुदशके चालू राहिले. पाण्याच्या पातळीतील चढउतार आणि धक्क्यांचे प्रमाण यांचा संबंध शास्त्रज्ञांनी तपासला आहे. भूगर्भातील खडकांत ताण आधीपासूनच साठलेला होता. जलाशयातले पाणी भेगांवाटे खोल झिरपले, तेथील दाब वाढला आणि प्रस्तरभंगाला सरकण्यास वाट मिळाली, असे आता सर्वसाधारणपणे मानले जाते. म्हणजे धरण हे त्या भूकंपाचे मूळ कारण नव्हे, निमित्त होय. मराठीत कारण आणि निमित्त हे दोन शब्द निराळे आहेत हे केवढे बरे! यंत्राचे ‘पाण्याच्या वजनामुळे’ हे वाक्य पूर्ण खोटे नव्हते, अर्धे बरोबर होते. आणि भूगोलाच्या शिक्षकाला गाडून टाकावेसे वाटते ते नेमके अशा अर्ध्या बरोबर वाक्यालाच.

मग यंत्राने बाहेरच्या ज्ञानातून ही माहिती द्यावी की नाही? द्यावी, असे काही जाणकार म्हणतात. फक्त ‘हे टिपणाबाहेरचे आहे’ अशी पाटी लावावी म्हणजे झाले. प्रौढ वाचकासाठी मला ते मान्य आहे. पण परीक्षेच्या तोंडावर असलेला नववीतला मुलगा पाटी वाचत नाही, वाक्य वाचतो. शिवाय टिपणाबाहेरचे विधान बरोबर असले तरी ते ताडून पाहण्याचे साधन त्याच्याजवळ नसते. शाळेच्या पातळीवर असा प्रश्न शिक्षकाकडे गेलेला बरा.

‘टिपणांत नाही’ असे म्हणण्यापूर्वी मात्र एक खात्री करून घ्यावी लागते, आणि मराठीत तर ती विशेषच. ‘नाही’ आणि ‘मला सापडले नाही’ यांत अंतर आहे. विद्यार्थिनीने ‘धरणीकंप’ म्हटले आणि टिपणांत ‘भूकंप’ असला, तर शब्द पालटून पुन्हा शोधावे लागते. उत्तराचा पूर्वार्ध एका उताऱ्यात आणि उत्तरार्ध दुसऱ्यात पडलेला असतो. हस्तलिखित पानांची छायाचित्रे यंत्राला धड वाचता येतीलच असे नाही. याहून मोठा दगा जुन्या टंकांचा. युनिकोड येण्यापूर्वीच्या मराठी टंकांत केलेली टिपणे पडद्यावर सुरेख देवनागरीत दिसतात. संगणकाच्या लेखी मात्र ती रोमन अक्षरांची निरर्थक रास असते. सबंध प्रकरण असे अदृश्य राहते आणि यंत्र प्रामाणिकपणे ‘टिपणांत नाही’ म्हणत राहते. याची परीक्षा सोपी आहे. टिपणातील एक ओळ उचलून कोऱ्या पानावर चिकटवावी. तेथे मराठीऐवजी अगम्य रोमन अक्षरे उमटली, तर ते प्रकरण युनिकोडमध्ये आणल्याशिवाय चढवू नये.

अशी व्यवस्था विश्वासास पात्र आहे की नाही हे ठरविण्यास शिक्षकाला एक संध्याकाळ पुरते. आपल्या टिपणांवर चाळीस प्रश्न काढावेत : वीस उत्तर असलेले, वीस नसलेले. नसलेल्यांत क्रिकेटचे प्रश्न घालण्यात अर्थ नाही. कोयनेसारखे, शेजारच्या पानाला चिकटलेले प्रश्न घालावेत. नंतर दोन चुका निरनिराळ्या मोजाव्यात : उत्तर नसता ते रचले किती वेळा, आणि उत्तर असता ‘नाही’ म्हटले किती वेळा. या दोहोंची बेरीज करू नये. प्रत्येक प्रश्नाला ‘नाही’ म्हणणारे यंत्र कधीच काही रचत नाही, आणि तरीही ते निरुपयोगी असते.

नोंदविलेल्या प्रश्नांची यादी आठवड्याच्या अखेरीस शिक्षकापुढे आली की, कोयनेचा प्रश्न त्यात बहुधा तीनचार मुलांनी विचारलेला आढळेल. तेव्हा सत्ताविसाव्या पानाखाली जलाशय, झिरपणारे पाणी आणि आधीचा ताण यांविषयी सहा ओळी लिहिण्यास दहा मिनिटे लागतात. त्या ओळी चढविल्यावर चाचणीच्या चाळीस प्रश्नांतील हा प्रश्न ‘नसलेल्या’ वीसांतून काढून ‘असलेल्यां’त घालावा लागेल, आणि त्याच्या जागी ‘मग किल्लारीला भूकंप का झाला?’ हा नवा प्रश्न ठेवता येईल. त्याचे उत्तर त्या सहा ओळींत नाही.