घड्याळातले सतरा खडे

जुन्या एचएमटी जनताच्या तबकडीवर ‘१७ ज्युवेल्स’ असं छापलेलं असतं. हे खडे म्हणजे कारखान्यात बनवलेले माणिक. आसाचं टोक धातूच्या भोकात फिरलं की भोक झिजतं. कठीण, गुळगुळीत माणकात ते वर्षानुवर्षं टिकतं. हिशेब साधा आहे: बॅलन्सच्या चाकाला पाच, त्याला ढकलणाऱ्या पॅलेटला चार, बाकीच्या चार चाकांना दोन-दोन. झाले सतरा.

ऑटोमॅटिक घड्याळात चाकं जास्त, म्हणून तिथे एकवीस-पंचवीस खडे रास्तच. पण १९६०च्या दशकात वॉल्थमने शंभर खड्यांचं घड्याळ विकलं. त्यातले त्र्याऐंशी खडे रोटरच्या कडेला नुसते बसवलेले होते, त्यांना काहीच काम नव्हतं. माझ्या मते ही ग्राहकाची फसवणूकच. वेळ अचूक राहते ती नीट जुळवणी आणि वेळेवर केलेल्या तेलपाण्यामुळे.