हनुवटीपासून केसांपर्यंत

माझी नणंद न्यू जर्सीत असते. तिच्या बाळंतपणाला सासूबाई आणि सासरे दोघांनी जायचं ठरलं आणि अमेरिकेच्या व्हिसाचा डीएस-१६० अर्ज भरायचं काम माझ्याकडे आलं. सगळे रकाने भरून झाले, शेवटी फोटो चढवायला गेले, तर तो नाकारला गेला. फोटो स्वच्छ होता, पाठीमागे पांढरंशुभ्र होतं, सासूबाईंचा चेहरा छान दिसत होता. स्टुडिओवाल्याने दोनदा तोच फोटो थोडा उजळ करून दिला आणि दोन्ही वेळा तो नाकारला गेला. तेव्हा मी फूटपट्टी घेऊन बसले.

आपल्याकडे ‘पासपोर्ट साइझ’ म्हटलं की ३५ बाय ४५ मिलिमीटरचा उभा फोटो. बँकेला, शाळेला, रेशन कार्डाला तोच चालतो, त्यामुळे स्टुडिओवाल्याच्या हाताला तेच माप बसलेलं असतं. अमेरिकेच्या व्हिसाला मात्र २ बाय २ इंचांचा, म्हणजे ५१ मिलिमीटरचा चौरस फोटो लागतो. त्यात हनुवटीच्या खालच्या कडेपासून केसांच्या वरच्या टोकापर्यंतचं अंतर फोटोच्या उंचीच्या ५० ते ६९ टक्के असावं लागतं. माप कपाळापर्यंत किंवा टाळूपर्यंत घ्यायचं नाही, केस धरून घ्यायचं. सासूबाईंचे केस दाट आहेत, तिथेच दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडतो.

स्टुडिओतल्या उभ्या फोटोत त्यांचं डोकं ३१ मिलिमीटर भरलं. ४५च्या उंचीत ते शोभून दिसत होतं. पण त्याच फोटोचा चौरस कापायचा तर रुंदी ३५च आहे, म्हणजे चौरसही ३५चा होणार. ३५मध्ये ३१ म्हणजे जवळपास ८९ टक्के. तो चौरस मोठा करून ५१ मिलिमीटरचा छापला, तरी हे प्रमाण बदलत नाही. डोकं ६० टक्क्यांवर आणायचं तर सुमारे ५२ मिलिमीटर रुंदीचं चित्र हवं आणि आपल्याकडे आहे ३५. दोन्ही बाजूंना आठ-आठ मिलिमीटर चित्रच नाही. स्टुडिओवाल्याने नंतर तिथे पांढऱ्या पट्ट्या जोडून दिल्या. मग दोन्ही खांदे कात्रीने कापल्यासारखे सरळ रेषेत संपले. तुमच्या हातातल्या चौरस फोटोत खांदे असे उभ्या रेषेत तुटलेले दिसले, तर तो उभ्या फोटोवरून बनवलेला आहे हे नक्की समजा.

उपाय एकच होता. कॅमेऱ्यातली न कापलेली मूळ फाइल मागून घेतली. ती ३००० बाय ४००० पिक्सेलची होती आणि तिच्यात हनुवटीपासून केसांपर्यंत १४०० पिक्सेल भरत होते. डोकं ६० टक्के हवं, म्हणजे १४०० भागिले ०.६, साधारण २३३० पिक्सेलचा चौरस. मूळ चित्राची रुंदी ३०००, त्यामुळे तो आरामात बसला.

चौरस किती मोठा हे कळलं, तरी तो वर सरकवायचा की खाली, हा प्रश्न राहतो. त्याचं उत्तर डोळे देतात. डोळ्यांची रेषा फोटोच्या तळापासून ५६ ते ६९ टक्के उंचीवर असावी लागते. मी ती ६२ टक्क्यांवर धरली. डोळे साधारण डोक्याच्या निम्म्यावर असतात, त्यामुळे हनुवटी ३२ टक्क्यांवर आली, केसांचं टोक ९२ टक्क्यांवर, आणि वर ८ टक्के जागा मोकळी राहिली. मग चित्र ६०० बाय ६०० पिक्सेलचं केलं. अर्जाला कमीत कमी एवढं लागतंच, जास्तीत जास्त १२०० बाय १२०० चालतं आणि फाइल २४० केबीच्या आत ठेवावी लागते.

हे मोजायला संगणकातलं साधं पेंट पुरतं. फोटो उघडून कर्सर केसांच्या टोकावर नेला की खालच्या पट्टीत दोन आकडे दिसतात. त्यातला दुसरा आकडा उंचीचा. मग हनुवटीवर नेऊन तोच आकडा पाहायचा आणि वजाबाकी करायची. ६००च्या फोटोत हे उत्तर ३०० ते ४१४च्या दरम्यान यायला हवं. डोळ्यांच्या बाबतीत मी एकदा चुकले. नियम तळापासून मोजतो, पेंट वरून मोजतं. म्हणून पेंटमध्ये डोळ्यांचा आकडा १८६ ते २६४ यांच्यामध्ये हवा. माझा २२८ होता.

माप जमलं तेव्हा सावली दिसायला लागली. डोकं मोठं होतं तोवर मागची भिंत फारशी दिसतच नव्हती. आता दोन्ही बाजू मोकळ्या झाल्या आणि उजव्या कानामागे राखाडी डाग उघडा पडला. सासूबाई पडद्याला जवळजवळ टेकून बसल्या होत्या आणि दिवा एका बाजूला होता. भिंतीजवळ बसलेल्या माणसाची सावली काठ धरून, गडद पडते. तोच माणूस तीन-चार फूट पुढे आला की सावली पसरते, फिकट होते आणि बरीचशी चौकटीबाहेर, खाली जाते. दिवा तोच, भिंत तीच, फक्त खुर्ची पुढे ओढायची.

ही सावली मोबाइलच्या लहान पडद्यावर नजरेतून सुटते. म्हणून फोटोची एक प्रत करून तिचा कॉन्ट्रास्ट पूर्ण वाढवावा. जो डाग आधी जाणवत नव्हता, तो ढगासारखा वर येतो. पडद्याच्या चुण्या, भिंतीवरचा खिळा, एका कोपऱ्यातला पिवळेपणा, सगळं दिसतं. चारही कोपरे सारखे दिसले तर भिंत ठीक. ही प्रत तपासणीपुरतीच, अर्जाला मूळच फोटो द्यायचा.

चेहऱ्यावरची सावली वेगळी. घरातली ट्यूब छताजवळ असते, त्यामुळे डोळ्यांच्या खोबण्या, नाकाखालचा भाग आणि हनुवटीखालचा गळा काळवंडतो. हनुवटीची कडच गळ्यात मिसळली, तर वरचं मापही नीट घेता येत नाही. शेवटी आम्ही दोघांचेही फोटो घरीच काढले. सकाळी दहाच्या सुमारास, ऊन थेट येत नाही अशा खिडकीकडे तोंड करून सासूबाईंना बसवलं, मागची भिंत चार फुटांवर ठेवली, ट्यूब बंद केली आणि मांडीवर पांढरी चादर घातली. चादरीवरून उजेड वर परततो आणि हनुवटीखालचा अंधार कमी होतो. चौकटीत चादर येत नाही. तपासायला फोटोतला अर्धा चेहरा कागदाने झाकून दुसरा अर्धा पाहायचा, मग उलट. एक गाल स्पष्ट उजळ आणि दुसरा काळसर वाटला, तर माणसाला खिडकीच्या नेमकं समोर आणायचं.

पार्श्वभूमी पांढरी किंवा किंचित मळकट पांढरी चालते. इथे बहुतेकांचा हात संगणकाने मागचं पुसून पांढरं भरण्याकडे जातो. ते करू नये. फोटोत डिजिटल फेरफार केलेला अमेरिकन वकिलातीला चालत नाही आणि तो ओळखूही येतो. फोटो मोठा करून केसांची कड पाहा. खऱ्या फोटोत सुटे केस एकेक दिसतात. पुसलेल्या फोटोत कड गुळगुळीत होते किंवा तिच्याभोवती बारीक उजळ रेघ राहते, कधी कानाचा तुकडाही गेलेला असतो. त्वचेचे डाग घालवणं, रंग उजळणं, कोट चिकटवणं यांनाही हेच लागू. बऱ्याच मोबाइलमध्ये चेहरा गुळगुळीत करणारी सोय आधीपासून चालू असते, ती फोटो काढण्यापूर्वी बंद करावी.

सासऱ्यांच्या फोटोत अडचण उलटी आली. त्यांचे केस पूर्ण पांढरे, भिंत पांढरी, सदराही पांढरा. पेंटमध्ये कर्सर नेला तर डोकं कुठे संपतं हेच कळेना. मला कळत नाही, तिथे तपासणाऱ्यालाही कळणार नाही. सदरा बदलून निळा घातला. भिंतीसाठी घरातली दुसरी, किंचित सायीच्या रंगाची निवडली आणि मोबाइलवर उजेड वाढवायची पट्टी थोडी खाली आणली. केसांची कड परत आली. फार खाली आणली की भिंत राखाडी होते आणि ती इथे चालत नाही, म्हणून दोन-तीन फोटो काढून निवडावा लागला. त्यांचा चष्माही काढला; अमेरिकेच्या व्हिसाच्या फोटोत १ नोव्हेंबर २०१६पासून चष्मा चालत नाही.

मान सरळ आहे का, हे माणसाला स्वतःला कळत नाही. सासूबाईंची मान सवयीने डावीकडे कलते. मोबाइलच्या कॅमेऱ्यात जाळीच्या रेषा दाखवायची सोय असते. दोन्ही डोळे एकाच आडव्या रेषेवर आले की कल गेला. वळलेली मान कानांवरून कळते, एक कान पूर्ण आणि दुसरा निम्मा दिसला की चेहरा वळलेला आहे. हनुवटी खाली गेल्यासारखी वाटली तर बहुधा कॅमेरा उंच धरलेला असतो, तो डोळ्यांच्या उंचीवर आणावा. आणि सेल्फी नको. हाताच्या अंतरावरून नाक मोठं, कान मागे गेलेले दिसतात. पाच फुटांवरून दुसऱ्या कुणी, खांद्यांच्या दोन्ही बाजूंना भरपूर जागा सोडून फोटो काढला तर चेहरा आहे तसा येतो आणि कापायलाही वाव राहतो.

हे आकडे अमेरिकेचे. युरोपातल्या शेंगेन व्हिसाला ३५ बाय ४५चाच फोटो लागतो आणि चेहरा ३२ ते ३६ मिलिमीटर, म्हणजे उंचीच्या ७० ते ८० टक्के भरावा लागतो. अमेरिकेला चाललेला फोटो तिथे लहान पडेल. आपल्या पासपोर्टचा मोठ्या माणसांचा फोटो पासपोर्ट सेवा केंद्रातच काढतात, चार वर्षांखालच्या मुलांचा मात्र घरून न्यावा लागतो.

संकेतस्थळाने दोन्ही फोटो एका दमात घेतले. तरी फोटो चालतो की नाही हे शेवटी वकिलातीतला अधिकारी ठरवतो, आणि फोटो सहा महिन्यांच्या आतला असावा लागतो. स्टुडिओत गेलात तर पैसे देण्यापूर्वी मूळ, न कापलेली फाइल मागून घ्या, आणि ती व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.