नवमांश कुंडली : ग्रहाचे झाकलेले बळ

मराठी पत्रिकेत लग्नकुंडलीशेजारी बहुधा आणखी एक कुंडली मांडलेली असते आणि तिच्यावर ‘नवमांश’ असे लिहिलेले असते. ग्रह तेच, पण ते बसलेले असतात वेगळ्याच राशींत. ही कुंडली आकाशाचे दुसरे चित्र नव्हे. लग्नकुंडलीत ग्रहाची फक्त राशी दिसते. त्या राशीतल्या नेमक्या कोणत्या भागात तो आहे, हे नवमांश दाखवतो.

एक राशी 30 अंशांची. तिचे नऊ समान भाग केले की प्रत्येक भाग 3 अंश 20 कलांचा होतो आणि बारा राशींचे मिळून 108 नवमांश होतात. सत्तावीस नक्षत्रांचे प्रत्येकी चार चरण, म्हणजे तेही 108 आणि प्रत्येक चरण 3 अंश 20 कलांचाच. नवमांश आणि नक्षत्रचरण ही एकाच तुकड्याची दोन नावे आहेत. बाळाचे जन्मनाव ‘चू’, ‘चे’, ‘चो’ की ‘ला’ या अक्षरावरून ठेवायचे, हे अश्विनी नक्षत्राच्या कोणत्या चरणात चंद्र आहे यावर ठरते. म्हणजे नवमांश हा शब्द ज्या घरात कधी उच्चारला गेला नसेल, तिथेही चंद्राचा नवमांश बारशाच्या दिवशी वापरला गेलेला असतो.

प्रत्येक भागाला एक राशी दिलेली असते आणि ती मोजण्याची रीत सोपी आहे. मेष, सिंह व धनू या अग्निराशींतील पहिला नवमांश मेषेचा. वृषभ, कन्या व मकर या पृथ्वीराशींतील पहिला मकरेचा. मिथुन, तूळ व कुंभ या वायुराशींत तुळेपासून, तर कर्क, वृश्चिक व मीन या जलराशींत कर्केपासून मोजणी सुरू होते. पुढचे आठ भाग राशींच्या नेहमीच्या क्रमाने येतात.

ही मोजणी ग्रहबलासाठी का महत्त्वाची मानली जाते, ते एका कल्पित पत्रिकेवरून पाहू. लग्न मेष, 28 अंशांवर. मेषेपासून सातवी राशी तूळ, म्हणून विवाहस्थानाचा स्वामी, म्हणजे सप्तमेश, शुक्र. विवाहाचा कारक ग्रहही शुक्रच. हा शुक्र कन्या राशीत 8 अंशांवर आहे. कन्या ही शुक्राची नीच राशी, शिवाय मेष लग्नापासून ती सहावी, म्हणजे कलहाचे आणि रोगाचे स्थान. केवळ लग्नकुंडली पाहणारा वैवाहिक सुखाबद्दल इथे चिंताच व्यक्त करील.

आता नवमांश काढू. कन्येतील 8 अंश म्हणजे तिसरा भाग, कारण तो 6 अंश 40 कलांपासून 10 अंशांपर्यंत असतो. पृथ्वीराशीत मोजणी मकरेपासून : मकर, कुंभ, मीन. शुक्र मीन नवमांशात आला आणि मीन ही तर त्याची उच्च राशी. बाहेरून दुबळा दिसणारा ग्रह आतून बलवान निघाला. परंपरेनुसार अशा शुक्राचे फळ विलंबाने किंवा अडचणीनंतर मिळते, पण मिळते.

हाच शुक्र कन्येत 27 अंशांवर असता तर? तो भाग नववा, आणि मकरेपासून नववी राशी पुन्हा कन्याच. लग्नकुंडलीतही नीच, नवमांशातही नीच. दोन्ही पत्रिकांत शुक्राच्या घरात ‘कन्या’ हीच राशी दिसेल, पण एकीत त्याला आतून आधार आहे आणि दुसरीत नाही. नवमांशाचे मर्म या फरकात आहे.

दोन्ही कुंडल्यांत एकाच राशीत असलेल्या ग्रहाला वर्गोत्तम म्हणतात. चर राशीतला पहिला, स्थिर राशीतला पाचवा आणि द्विस्वभाव राशीतला नववा नवमांश वर्गोत्तम असतो. असा ग्रह सहसा बलवान मानतात. मात्र 27 अंशांवरचा हा शुक्रही व्याख्येने वर्गोत्तमच आहे. म्हणून ‘वर्गोत्तम म्हणजे शुभ’ हे विधान सरसकट करणे चूक आहे. आधी तो ग्रह कोणत्या राशीत वर्गोत्तम आहे, ते पाहावे लागते. सहा वर्गांवरून ग्रहाचे बळ काढण्याच्या पाराशरी पद्धतीत एकूण 20 गुणांपैकी राशीला 6 आणि नवमांशाला 5 गुण असतात. नवमांश राशीच्या खालोखाल आहे, तिच्या जागी नाही.

विवाहासाठी पुढची पायरी म्हणजे नवमांश लग्न. मेष लग्नाचे 28 अंश नवव्या भागात पडतात, म्हणून नवमांश लग्न धनू आले. त्यापासून सातवी राशी मिथुन, तिचा स्वामी बुध. आपल्या पत्रिकेत बुध सिंहेत 15 अंशांवर आहे असे धरू. तो पाचवा भाग, मेषेपासून पाचवी राशी सिंह, म्हणजे बुध वर्गोत्तम. सिंहेचा स्वामी रवी हा बुधाचा मित्र, आणि धनूपासून सिंह नववे, भाग्याचे स्थान. नवमांशातला सप्तमेश असा सुस्थित असला की जोडीदार विचारी, बोलका, शिक्षणाची ओढ असलेला असे वर्णन ज्योतिषी करतात. लग्नकुंडलीचा सप्तमेश, शुक्र आणि नवमांशाचा सप्तमेश, असे तीन धागे हाती घेऊन त्यांतले किती एकाच दिशेने बोलतात ते पाहायचे. स्त्रीच्या पत्रिकेत पतीसाठी गुरूचाही विचार होतो. लग्नकुंडलीत जे मुळातच सूचित नाही, ते एकट्या नवमांशावरून सांगू नये, असा जुन्या जाणकारांचा दंडक आहे आणि तो रास्त आहे. गणित कोणालाही पडताळता येते. फळ मात्र परंपरेने सांगितलेले आहे आणि ते त्याच भावनेने घ्यावे.

या कुंडलीची खरी अडचण जन्मवेळेत आहे. लग्न साधारण दोन तास टिकते, तर नवमांश लग्न सरासरी तेरा-चौदा मिनिटांत बदलते. मेष लग्न महाराष्ट्रात भराभर उगवते, त्यामुळे तिथे अवधी आणखी कमी. वरच्या पत्रिकेत जन्म सात-आठ मिनिटे उशिरा झाला असता तर लग्नच वृषभ झाले असते. सहाएक मिनिटे आधी झाला असता तर लग्न मेषच राहिले असते, पण नवमांश लग्न वृश्चिक आले असते आणि सप्तमेशाचा सगळा विचार नव्याने करावा लागला असता. जन्मवेळ ‘सकाळी साडेदहाच्या सुमारास’ अशी असेल, तर ग्रहांचे नवमांश वापरता येतात, कारण चंद्र सोडला तर बाकीचे ग्रह अर्ध्या तासात फारसे सरकत नाहीत. पण नवमांश लग्नावर भर देता येत नाही.

दुसरी अडचण पंचांगाची. महाराष्ट्रातली बहुतेक पंचांगे चित्रापक्षीय अयनांश घेतात, टिळक पंचांग मात्र रैवतपक्षीय. दोहोंत जवळजवळ 4 अंशांचा फरक पडतो. तो 3 अंश 20 कलांहून अधिक असल्याने प्रत्येक ग्रहाचा नवमांश हमखास बदलतो. आपला शुक्र टिळक पंचांगानुसार कन्येत सुमारे 12 अंशांवर, म्हणजे मेष नवमांशात जाईल आणि त्याचे उच्चत्व नाहीसे होईल. लग्नही वृषभेत जाईल. वधू-वरांच्या पत्रिका दोन वेगळ्या पंचांगांवरून मांडलेल्या असतील, तर त्यांचे नवमांश शेजारी ठेवून काढलेला निष्कर्ष फसवा ठरतो. त्यामुळे तुलनेपूर्वी दोन्ही पत्रिका कोणत्या अयनांशावर आहेत ते पाहून, गरज पडल्यास एक पुन्हा मांडून घ्यावी लागते.