पुडीवर मेंदी, आत डायअमाइन

मेंदीच्या पानाने केस काळे होत नाहीत. पानातलं लॉसोन हे द्रव्य केसातल्या केराटिनला चिकटतं आणि रंग देतं तो नारिंगीपासून गडद तांबड्यापर्यंत. तेव्हा ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणारी पुडी पाण्यात कालवून लावली आणि अर्ध्या तासात केस काळेभोर झाले, तर ते काम मेंदीचं नाही, हे लेबल न वाचताही सांगता येतं. ते काम बहुतेक वेळा पॅरा-फेनिलीनडायअमाइनचं असतं. त्वचारोगतज्ज्ञ त्याला पीपीडी म्हणतात.

पीपीडीचा रेणू अगदी लहान आणि जवळजवळ रंगहीन असतो. तो केसाच्या गाभ्यापर्यंत शिरतो. मग हायड्रोजन पेरॉक्साइडसारख्या द्रव्यामुळे त्याचं ऑक्सिडीकरण होतं, असे अनेक रेणू एकमेकांना जोडले जातात आणि तयार झालेला मोठा, काळा रेणू केसातून बाहेर पडू शकत नाही. म्हणूनच हा रंग धुतल्याने जात नाही. पुड्यांमध्ये पेरॉक्साइडची वेगळी बाटली नसते. तिथे सोडियम परबोरेट किंवा बेरियम पेरॉक्साइडची पूड रंगातच मिसळलेली असते आणि पाणी पडलं की ती कामाला लागते.

त्रास होतो तोही याच गुणामुळे. केसात शिरणारा रेणू कातडीतही शिरतो, अर्धवट ऑक्सिडीकरण होऊन कातडीतल्या प्रथिनांना चिकटतो, आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा त्या जोडगोळीला परकं समजू लागते. हे पहिल्याच वेळी होईल असं नाही. कुणी वर्षानुवर्षं कलप लावतं आणि एके दिवशी अचानक सुजतं. ‘मी तर कायम हाच लावतो’ ही सबब इथे चालत नाही. उलट जितक्या वेळा संपर्क, तितकी ओळख पटण्याची संधी जास्त. एकदा ओळख पटली की ती सहसा जन्मभर राहते.

म्हणून सर्वाधिक धोका कुणाला, हे उघड आहे. दर तीन-चार आठवड्यांनी मुळं रंगवणारे, गडद काळाच रंग हवा असणारे (गडद छटेत पीपीडी जास्त लागतं) आणि हातमोजे न घालता दिवसभर कलप लावणारे सलूनमधले कारागीर. आणखी एक गट सहज नजरेआड होतो, लग्नात हातावर काळी नक्षी काढून घेणाऱ्या मुली. त्या झटपट काळ्या कोनात मेंदीऐवजी किंवा मेंदीत मिसळून केसांचा कलप असू शकतो आणि तोही थेट कातडीवर, तासन्‌तास. युरोपात केसांसाठीच्या तयार मिश्रणात २ टक्क्यांहून जास्त पीपीडी चालत नाही, कातडीवर काढायच्या रंगात तर ते मुळीच चालत नाही. अशा नक्षीने अंगावर उठलेले फोड विसरले जातात आणि मग वीस वर्षांनी पहिला पांढरा केस लपवताना डोळे मिटण्याइतका चेहरा सुजतो.

समजा, पन्नाशीतल्या एका गृहस्थांना कलप लावल्याच्या दुसऱ्या दिवशी कपाळाच्या कडेला, कानांवर आणि मानेवर खाज सुटली. तिसऱ्या दिवशी पापण्या सुजल्या, कानामागून पाणी झिरपू लागलं. डोक्याच्या कातडीवर मात्र त्या मानाने थोडकंच. त्यामुळे त्यांना वाटलं की काहीतरी खाण्यात आलं असावं. या ॲलर्जीची खूण हीच आहे. ती उशिरा येते, बहुधा एक ते तीन दिवसांनी, आणि पापण्यांसारख्या पातळ कातडीवर जास्त दिसते. डॉक्टरांनी सूज उतरल्यावर पॅच टेस्ट केली. व्हॅसलिनमध्ये १ टक्का पीपीडी मिसळून पाठीवर चिकटवलं, ४८ तासांनी काढलं आणि आणखी दोन दिवसांनी पुन्हा पाहिलं. तिथे लाल, उंचावलेला, बारीक फोडांचा चट्टा होता.

गृहस्थ दुकानात गेले आणि ‘नो अमोनिया’ लिहिलेलं खोकं घेऊन आले. अमोनियाचं काम केसाची खवलं उघडण्याचं आणि नाकात झोंबण्याचं. पीपीडी असण्या-नसण्याशी त्याचा काही संबंध नाही. खोक्याच्या मागे बारीक अक्षरांत पीपीडी होतंच. पुढच्या वेळी त्यांनी ‘पीपीडी-फ्री’ खोकं आणलं. मला विचाराल तर फसवणूक इथे जास्त आहे, कारण दावा खरा असतो. त्या खोक्यात पीपीडी नव्हतं, टोल्युइन-२,५-डायअमाइन सल्फेट होतं. हे त्याचंच सख्खं भावंड. पीपीडीची ॲलर्जी असलेल्यांपैकी बऱ्याच जणांची कातडी या दोघांत फरक करत नाही.

तेव्हा खोक्याची पुढची बाजू सोडून मागची वाचायची. घटकांच्या यादीत शेवटी ‘डायअमाइन’ असलेलं किंवा ‘फेनिलीनडायअमाइन’ पोटात घेतलेलं कोणतंही लांबलचक नाव दिसलं, तर खोकं परत ठेवायचं. ‘अमायनोफिनॉल’ दिसलं तरी तेच. पीपीडी कधी ‘१,४-डायअमायनोबेन्झीन’ किंवा रंगसूचीतल्या ७६०६० या क्रमांकाच्या नावानेही येतं. नावं वाचायचा कंटाळा असेल तर एक ढोबळ खूण आहे. रंगाची ट्यूब आणि डेव्हलपरची बाटली ऐन वेळी मिसळायला सांगणारं खोकं बहुधा याच घराण्यातलं. आणि ज्या पुडीवर घटकच छापलेले नाहीत, ती ‘हर्बल’ असली तरी घ्यायची नाही.

आपल्याकडच्या नियमांनुसार कलपावर धोक्याची सूचना इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत छापावी लागते. कानामागे किंवा हाताच्या आतल्या बाजूला थोडा रंग लावून २४ तास पाहा आणि हे दर वेळी करा, असं आतल्या कागदावर असतं. पण ही प्रतिक्रिया तिसऱ्या दिवशीही येऊ शकते, म्हणून चाचणीनंतर आणखी दोन दिवस थांबलेलं बरं. ज्यांची ॲलर्जी आधीच ठरलेली आहे, त्यांनी ही घरची चाचणी करूच नये. भुवया आणि पापण्यांना हा रंग लावायचा नाही, हेही त्याच सूचनेत आहे. १९३०च्या दशकात अमेरिकेत पापण्यांच्या अशाच एका रंगाने स्त्रियांची दृष्टी गेली होती.

मग काळे केस हवे असणाऱ्याने काय करावं? खरा पर्याय निळीचा, म्हणजे नीळ या झाडाच्या पानांच्या पुडीचा. आधी साधी मेंदी लावून धुवायची, मग निळीची पूड कोमट पाण्यात कालवून, शिळी न करता, तास-दोन तास ठेवायची. सुरुवातीला केस हिरवट दिसतात, रंग एक-दोन दिवसांत गडद होतो. यादीत फक्त लॉसोनिया इनर्मिस आणि इंडिगोफेरा टिंक्टोरिया एवढीच नावं हवीत. वेळ लागतो, पसारा होतो आणि काळा रंग पुडीइतका पक्का येत नाही. दुसरा पर्याय डेव्हलपरशिवायच्या, काही धुण्यांत उतरणाऱ्या रंगांचा. मात्र त्यातही ‘नायट्रो-पी-फेनिलीनडायअमाइन’ नाही ना, ते पाहावं.

ॲलर्जी ठरली असेल तर डॉक्टरांना आणि दंतवैद्यांनाही सांगून ठेवावं. तोंडात लावायच्या काही जेलमध्ये आणि घशाच्या गोळ्यांत बेन्झोकेन हे बधिर करणारं औषध असतं. त्याची रचना पीपीडीशी मिळतीजुळती आहे आणि काहींच्या कातडीला तेही चालत नाही. गडद रंगाच्या पॉलिस्टरच्या अस्तराने काखेत किंवा मांडीवर पुरळ उठत असेल, तर त्या कापडाचा रंगही संशयित धरावा.