लहान बुडबुडा मोठ्याला पोसतो

दिंडोरी रस्त्याकडच्या एका वायनरीत दोन वर्षांपूर्वी पाहुण्यांना घेऊन गेलो होतो. टेस्टिंगच्या टेबलावर एकाच बाटलीतली स्पार्कलिंग वाईन दोन ग्लासांत ओतली गेली. एका ग्लासात तळापासून बुडबुड्यांच्या माळा सुटल्या. दुसऱ्यात ओततानाचा फेस बसला आणि मग जवळजवळ सामसूम. पाहुण्यांना वाटलं, बाटलीतला गॅस गेला. ओतणारा मुलगा शांतपणे म्हणाला, “सर, हा ग्लास मशीनमधून आत्ताच निघालाय, उलटा ठेवून वाळलेला. फडक्याने पुसायचा राहिला.” त्याने दुसरा ग्लास आणला, सुती फडक्याने आतून पुसला, त्याच बाटलीतून भरला आणि माळा सुरू झाल्या.

फडक्याने पुसलेल्या ग्लासात बुडबुडे आणि नुसत्या धुतलेल्या स्वच्छ ग्लासात नाहीत, हे ऐकायला उलटं वाटतं. पण याच्या मुळाशी बारावीच्या भौतिकशास्त्रात पाठ केलेलं आणि परीक्षेनंतर विसरलेलं एक छोटं सूत्र आहे.

द्रवाचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो, कमीत कमी जागेत आवरून बसायला बघतो. त्या ओढीला पृष्ठताण म्हणतात. वाईनमध्ये अडकलेला वायूचा एक गोल बुडबुडा घ्या आणि मनातल्या मनात तो लिंबासारखा मधोमध कापा. कापाच्या कडेवर पडदा दोन्ही अर्ध्यांना एकमेकांकडे ओढतोय आणि आतला वायू त्यांना दूर ढकलतोय. ओढ कडेच्या लांबीवर ठरते आणि ढकलणं कापाच्या क्षेत्रफळावर. त्रिज्या निम्मी केली तर कड निम्मी होते, पण क्षेत्रफळ चौथाई होतं. मग तेवढ्या जागेवरून तोल सांभाळायचा तर आतला दाब दुप्पट लागणार. हिशेब मांडला की आतला जास्तीचा दाब 2T/r येतो. T हा पृष्ठताण, r ही त्रिज्या. साबणाच्या फुग्याला आत आणि बाहेर असे दोन पृष्ठभाग, म्हणून तिथे 4T/r. टॉमस यंग यांनी 1805 मध्ये आणि लाप्लास यांनी 1806 मध्ये हे मांडलं, त्यामुळे दोघांचंही नाव त्याला चिकटलं.

आता नाशिकचे आकडे घालू. स्पार्कलिंग वाईनचा पृष्ठताण मीटरला सुमारे 0.047 न्यूटन असतो, म्हणजे पाण्याच्या दोन तृतीयांशाहून थोडा कमीच. ग्लासात वर पोचलेला, एक मिलिमीटर व्यासाचा बुडबुडा घेतला तर आत जास्तीचा दाब 188 पास्कल निघतो. दोन सेंटिमीटर पाण्याच्या थराएवढा, किरकोळच. त्रिज्या दहा मायक्रॉनवर आणली की तो 9,400 पास्कल होतो. आणि एका मायक्रॉनला 94,000 पास्कल. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर आहे आणि इथल्या हवेचा दाबही साधारण तेवढाच असतो. म्हणजे एक मायक्रॉन त्रिज्येच्या बुडबुड्यात, बाहेरच्या दाबावर, नाशिकचं अख्खं एक वातावरण आणखी चढवलेलं असतं.

बाटलीत काय असतं तेही बघायला हवं. पारंपरिक पद्धतीत तयार वाईनमध्ये लिटरला साधारण 24 ग्रॅम साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करतात. यीस्ट ती साखर खातं, निघालेला कार्बन डायऑक्साइड कुठे जाऊ शकत नाही, तो वाईनमध्येच विरघळतो. साडेसातशे मिलिलिटरच्या एका बाटलीत असा नऊ ग्रॅमच्या आसपास वायू साठतो. मोकळा सोडला तर त्याचे जवळपास पाच लिटर भरतील. थंड तळघरात आतला दाब पाच-सहा वातावरणं असतो, गाडीच्या टायरच्या दुपटीहून जास्त. म्हणून ती जाड काच आणि बुचावरची तारेची जाळी.

बूच उघडून ओतताना बराच वायू उडून जातो. तरी ग्लासात उरलेला वायू चारेक वातावरणांच्या दाबाला साजेसा असतो. बाहेर एकच वातावरण आहे. म्हणजे तीन वातावरणांची घाई करून तो बाहेर पडायला बघतोय. मग धुतलेल्या ग्लासात तो पडत का नाही?

कारण बाहेर पडायचं तर आधी बुडबुडा व्हायला हवा आणि बुडबुडा आधी लहान असतो. लहान असताना पडदा त्याला तीन वातावरणांपेक्षा जास्त दाबाने आवळत असेल, तर आत आलेला वायू परत वाईनमध्ये ढकलला जातो. सूत्र उलटं फिरवा, ही सीमारेषा सुमारे 0.3 मायक्रॉन त्रिज्येवर येते. त्याहून लहान बुडबुडा विरतो, मोठा असेल तर वाढत जातो. आता 0.3 मायक्रॉनचा बुडबुडा भरायला त्या दाबाला सुमारे एक कोटी रेणू लागतात. एवढे रेणू योगायोगाने एका क्षणी एका ठिकाणी जमणं शक्य नाही. म्हणून गुळगुळीत, स्वच्छ काचेवर बुडबुडा जन्मतच नाही.

त्याला आयतं घर लागतं. फ्रान्समधल्या रेन्स विद्यापीठात जेरार लिजे-बेलेर यांनी ग्लासाच्या भिंतीवर सूक्ष्मदर्शक लावून हे घर दाखवलं. बहुतेक माळा हवेतून पडलेल्या किंवा फडक्यातून सुटलेल्या सेल्युलोजच्या तंतूंतून निघतात. हा तंतू पोकळ नळीसारखा असतो. ओतलेली वाईन त्याला वेढते, पण आत हवेचं एक बोंड अडकून राहतं. ते सीमारेषेपेक्षा किती तरी मोठं असल्यामुळे वायू बिनदिक्कत त्यात शिरतो, ते फुगतं, टोकाशी तुटून बुडबुडा सुटतो, मागे उरलेली हवा पुन्हा फुगू लागते. घड्याळासारखं चालतं. दिंडोरीच्या त्या मुलाचं फडकं वाईनसाठी बीजं पेरत होतं. महागड्या ग्लासांच्या तळाला लेझरने मुद्दाम ओरखडे काढतात, तेही याचसाठी.

जाता जाता एक गैरसमज. टेस्टिंग टेबलावर हमखास सांगतात की बुडबुडा बारीक तर वाईन उत्तम. बुडबुडा वर चढताना वाढतो तो मुख्यतः वाटेत वायू आत शिरत राहतो म्हणून. वर येताना दाब कमी होतो हे कारण फार थोडं. दहा सेंटिमीटर वाईनचा दाब म्हणजे जेमतेम एक टक्का. त्यामुळे शेवटचा आकार मुख्यतः विरघळलेल्या वायूवर आणि चढायच्या उंचीवर ठरतो. जुन्या बाटलीतून वायू हळूहळू निसटलेला असतो, म्हणून तिचे बुडबुडे बारीक असतात. ती चांगलीही असते, पण बुडबुड्यांमुळे नव्हे.

बुडबुडे वर पोचले, कडेला फेसाची कडी धरली, की दुसरं नाटक सुरू होतं. ते नीट बघायचं असेल तर आधी घरी एक प्रयोग करा. मेडिकलच्या दुकानात सलाईनला लावायचा ‘थ्री-वे’ मिळतो, तीन तोंडं आणि एक फिरता नॉब. दोन तोंडांना नळीचे तुकडे जोडा आणि त्यांची टोकं थोडं ग्लिसरीन घातलेल्या साबणाच्या पाण्यात बुडवा. तिसऱ्यातून फुंकून एका टोकाला एक सेंटिमीटर त्रिज्येचा फुगा करा, मग नॉब फिरवून दुसऱ्या टोकाला तीन सेंटिमीटरचा. आता नॉब असा फिरवा की फक्त दोन फुगेच एकमेकांना जोडले जातील. बघणारे बहुतेक जण म्हणतात, दोघे सारखे होतील. होतं उलटं. साबणाच्या पाण्याचा पृष्ठताण 0.025 धरला तर लहान फुग्यात 10 पास्कल जास्तीचे आणि मोठ्यात 3.3. हवा लहानातून मोठ्यात जाते. लहान जसा आकसतो तसा त्याचा दाब आणखी वाढतो, तो आणखी वेगाने रिकामा होतो आणि काही सेकंदांत संपतो.

पूर्ण संपत नाही मात्र. नळीच्या तोंडावर एक उथळ पापुद्रा उरतो आणि त्याचा बाक मोठ्या फुग्याच्या बाकाइतकाच असतो. फुगा अर्ध्या गोलाहून उथळ झाला की त्याची त्रिज्या पुन्हा वाढायला लागते आणि दाब उतरतो, म्हणून तिथे तोल साधतो. पुस्तकातल्या चित्रात हा पापुद्रा अनेकदा काढतच नाहीत.

ग्लासातल्या फेसात नळी नसते. तरी तेच घडतं, कारण शेजारच्या दोन बुडबुड्यांमधली भिंत वाईनची आहे आणि वायू तिच्यात विरघळतो. दाब जास्त असलेल्या बाजूला जास्त विरघळतो, पलीकडे बाहेर पडतो. दाबातला फरक एक टक्काही नसतो, पण भिंत इतकी पातळ की तेवढा पुरतो. लहान बुडबुडे फुटल्याशिवाय, आवाज न करता नाहीसे होतात आणि मोठे वाढत जातात.

किती वेगाने, ते बरंचसं वायूवर ठरतं. ताक घुसळल्यावर येणारा फेस हवेचा, म्हणजे मुख्यतः नायट्रोजनचा. कार्बन डायऑक्साइड पाण्यात नायट्रोजनच्या पन्नास पटींहून जास्त विरघळतो, म्हणून वाईनच्या फेसात ही देवाणघेवाण फार लवकर उरकते. ताकात दुधाची प्रथिनं पडदा धरून ठेवतात हेही खरंच. आयर्लंडच्या काळ्या बिअरमध्ये मुद्दाम नायट्रोजन भरतात, तिचा सायीसारखा फेस टिकतो तो मुख्यतः त्यामुळे. वाईनमध्येही यीस्टच्या मेलेल्या पेशींतून उतरलेली प्रथिनं पडद्याला आधार देतात. बाटली गाळावर जास्त दिवस पडून ठेवण्याचा तो एक फायदा.

फेस नेमका कशाने जातोय हे ओळखायचं तर मोबाईलचा कॅमेरा ग्लासाच्या काचेला भिडवून दर दहा सेकंदांनी फोटो काढा. फेसाची उंची जवळपास तीच, पण बुडबुडे मोजायला कमी आणि आकाराने मोठे, तर हे वायूचं स्थलांतर. उंचीच भराभर उतरत असेल तर पडदे फुटताहेत. दिवाळीत दुसरी गोष्ट जास्त दिसेल, कारण चकली खाऊन तेलकट ओठ ग्लासाला लावले की तेलाचा थेंब पडद्यावर पसरतो आणि तिथली कडी मोडते. त्याचा दोष बुडबुड्याच्या आतल्या दाबाकडे जात नाही.

एक अडचण सांगायला हवी. दाट फेसात बुडबुडे गोल राहत नाहीत, एकमेकांना चेपून बहुकोनी होतात, आणि तिथे ‘लहान तो विरतो’ हा नियम ढिला पडतो. 1952 मध्ये जॉन फॉन नॉयमन यांनी दोन काचांमध्ये दाबलेल्या, एकपदरी फेसाचा हिशेब मांडला. बुडबुडा वाढणार की आकसणार हे त्याच्या आकारावर नाही, शेजाऱ्यांच्या संख्येवर ठरतं. सहापेक्षा कमी बाजूंचा आकसतो, सहापेक्षा जास्त बाजूंचा वाढतो, नेमक्या सहा बाजूंचा आहे तसा राहतो. लहानांच्या वाट्याला सहसा शेजारी कमी येतात, म्हणून बहुधा तेच जातात.

हे बघायला वाईन लागत नाही. रिठ्याचा फेस फोटोफ्रेमच्या दोन काचांमध्ये दाबा आणि उजेडासमोर धरा. हवेचा फेस असल्यामुळे घाई नसते. एखादा पाच बाजूंचा बुडबुडा निवडून त्यावर काचेवर पेनने खूण करा आणि फराळाला जा. परत आल्यावर तो बहुधा चार बाजूंचा झालेला असेल, नाहीतर खुणेखाली तीन भिंती एका बिंदूत मिळालेल्या दिसतील.