पत्र्याखालच्या गॅरेजचा उकाडा

विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्याच्या दुपारी उघडा लोखंडी पत्रा सहज ६० अंशांच्या वर तापतो. त्याखालच्या गॅरेजमध्ये हवा गरम होते हे खरे, पण अंगाला जाणवणारी झळ मुख्यतः पत्र्यातून थेट खाली फेकल्या जाणाऱ्या प्रारणाची असते. गाडीचे टप, टायर आणि हत्यारांची पेटी तीच झेलतात.

म्हणून छताखाली अॅल्युमिनियम फॉइलची बबल शीट लावतात. तिच्या लखलखीत पृष्ठभागातून प्रारण फारच थोडे बाहेर पडते. मात्र त्यासाठी त्याच्यासमोर मोकळी हवा लागते. शीट पत्र्याला दोन्ही अंगांनी चिकटवली, तर वरच्या बाजूची फॉइल जवळपास वाया जाते. सर्रास होणारी चूक हीच. शीट पत्र्याखाली निदान इंचभर अंतर सोडून, पत्र्याच्याच उतारावर ताणावी आणि जोड फॉइलच्या टेपने बंद करावेत. वरच्या पोकळीची दोन्ही टोके उघडी ठेवली की तापलेली हवा निघून जाते. या उताराचा थंडीतही उपयोग होतो. पहाटे पत्रा भोवतालच्या हवेपेक्षा गार पडतो आणि त्याला घाम फुटतो. ते थेंब हत्यारांवर पडून गंज चढण्याऐवजी शीटवरून भिंतीकडे ओघळतात.

शटरचे गणित वेगळे आहे. १२ × २० फुटांच्या गॅरेजचे छत २४० चौरस फूट, तर १० × ८ फुटांचे शटर अवघे ८० चौरस फूट. पण ते पश्चिमेला असेल तर संध्याकाळचे ऊन थेट त्यावर येते. पट्ट्यांवर फोम चिकटवण्याचा मोह टाळावा. गुंडाळी जाड होऊन वरच्या पेटीत घासते, आणि वाढलेल्या वजनाने स्प्रिंगचा तोल जातो. अर्ध्यावर सोडलेले शटर जागेवर थांबण्याऐवजी खाली सरकू लागले, तर वजन वाढल्याचे ओळखावे. त्यापेक्षा आतून तीन-चार इंच अंतरावर, दोन्ही बाजूंना अर्धा फूट जास्त रुंद असा फॉइलचा किंवा जाड कॅनव्हासचा पडदा सोडावा. गाईडमध्ये ब्रशची पट्टी, तळाला रबर आणि गुंडाळीच्या पेटीला आतून अस्तर दिले की झळ व धूळ दोन्ही कमी होतात. शटर नवेच घ्यायचे असेल तर पोकळ पट्ट्यांत पीयू फोम भरलेले मिळते. त्याची गुंडाळी मोठी, म्हणून वर जागा आधी मोजावी.

फटी शोधायला दुपारी शटर लावून आत अंधार करावा; उजेडाच्या रेषा आपोआप दिसतात. मात्र सगळेच बुजवू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगतची जाळी उघडीच ठेवावी. आणि जिथे वेल्डिंग किंवा ग्राइंडिंग चालते, तिथे बबल शीट व थर्माकोल दोन्ही नकोत, ठिणगीने पेट घेतात. रॉकवूल वापरून खाली सिमेंट बोर्ड लावावा.