सर्पदंश आणि एफआयआरची अट

कन्नड तालुक्यातील एका भिल्ल वस्तीवरची बहीण गेल्या महिन्यात विमा कंपनीचे पत्र घेऊन छत्रपती संभाजीनगरच्या आमच्या कार्यालयात आली. पेरणीच्या दिवसांत तिच्या नवऱ्याला रात्री झोपेत साप चावला. पहाटे ग्रामीण रुग्णालयात नेले, तिथून घाटीत पाठवले, दुपारी तो गेला. बँक खात्यातून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे २० रुपये कापले गेले होते, म्हणजे दोन लाखांचा हक्क होता. पत्रात मात्र एकच ओळ होती: ‘एफआयआर जोडलेला नसल्याने दावा नामंजूर.’

योजनेच्या नियमांत या बाबतीत दोन वेगळी वाक्ये आहेत. पहिल्याचा आशय असा की रस्ता, रेल्वे व तत्सम वाहनांचे अपघात, बुडून मृत्यू किंवा गुन्ह्यातील मृत्यू यांची खबर पोलिसांना दिलेली असावी. दुसरे म्हणते की सर्पदंश, झाडावरून पडणे अशा घटनांत मृत्यूच्या कारणाला रुग्णालयाच्या तातडीच्या नोंदीचा आधार असावा. कंपनीने पहिल्या वाक्याची अट दुसऱ्या वाक्यातल्या माणसाला लावली होती. सापावर गुन्हा कोण नोंदवणार?

आम्ही अपील कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावे लिहिले आणि प्रत बँकेला दिली. वर खाते क्रमांक व दावा क्रमांक. मग कंपनीची ओळ जशीच्या तशी, तिच्याखाली नियमातली दोन्ही वाक्ये, आणि पुढे एवढेच: ‘हा मृत्यू दुसऱ्या प्रकारात मोडतो. या प्रकारात एफआयआर मागितलेला नाही. जे मागितले आहे ते सोबत जोडले आहे.’ गरिबी, तीन लेकरे, कर्ज यांवर एक शब्दही लिहिला नाही. बहिणीला ते खटकले, पण वाद वाक्याच्या अर्थाचा होता.

खरा भार ‘तातडीच्या’ या शब्दावर आहे. ग्रामीण रुग्णालयाच्या केसपेपरवर तारीख, वेळ आणि ‘सर्पदंश’ हे तिन्ही हवे. नुसते ‘श्वास बंद पडून मृत्यू’ असेल तर अपील लंगडे पडते. मण्यार चावल्यावर कधीकधी दातांची खूणही दिसत नाही, म्हणून दाखल करतानाच डॉक्टरांना साप चावल्याचे सांगून लिहून घ्यावे. घाटीत अशा मृत्यूची एमएलसी नोंद झाली असेल तर तिचा क्रमांकही जोडावा. माणूस भगताकडेच दगावला आणि दवाखान्याचा कागदच झाला नाही, तर हे कलम फारसे कामी येत नाही. आणि २० रुपये मृत्यूच्या आधी कापले गेल्याची पासबुकातली नोंद नसेल, तर पुढचे सगळेच व्यर्थ.

कंपनीने महिन्याभरात उत्तर दिले नाही किंवा पुन्हा नकार दिला, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे तक्रार करता येते. नकारापासून एक वर्षाच्या आत जावे लागते. फी नाही, वकीलही लागत नाही.

आमच्या पत्राची पोहोच आली आहे. महिना पुढच्या सोमवारी भरतो. पुण्याचा अर्ज भरून तयार आहे, फक्त बहिणीचा अंगठा राहिला आहे.